फळ्यावरची नोटीस पुन्हा लिहिताना

रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा माझ्या हाती पहिली आली ती टाकी सफाईची नोटीस. जुन्या फाइलमधला मजकूर तसाच उतरवला: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दि. 15 मेपर्यंत टाकीची साफसफाई करण्याचे योजिले असून सदर कालावधीत पाणीपुरवठा खंडित राहील. तरी आवश्यक ती खबरदारी घ्यावी.’

दिवसभर फोन वाजत राहिला. 15 तारखेला पाणी आहे की नाही? ‘पर्यंत’मध्ये तो दिवस धरायचा की सोडायचा, हे वाचणारा आपापल्या परीने ठरवतो. आणि ‘आवश्यक ती खबरदारी’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी तरी कुठे सांगितलं होतं? खरं नुकसान संध्याकाळी झालं. दुसऱ्या मजल्यावरचं घर बंद, मालक मुंबईला, गणपती-शिमग्यालाच येणारे. सफाई चालू असताना कोणीतरी आत येऊन गेलं होतं. पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहिला, पाणी आलं तसं वाहू लागलं आणि खालच्या घराचं छत भिजलं.

पुढच्या वर्षी मी आधी कोऱ्या कागदावर फक्त एवढंच मांडलं: कोणी, काय, कधीपर्यंत. मग नोटीस अशी झाली:

‘शुक्रवार, 15 मे. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 नळाला पाणी नाही.
गुरुवारी रात्री पाणी भरून ठेवा.
शुक्रवारी सकाळी 9 च्या आधी घरातले सगळे नळ बंद करा.
बंद घराची चावी तुमच्याकडे असेल, तर गुरुवारीच जाऊन तिथले नळ तपासा.
काम लांबलं, तर दुपारी 3 वाजता नवी वेळ फळ्यावर लिहू.’

वार आणि तारीख दोन्ही हवेत, एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून लगेच कळते. ‘सभासद’ हा शब्द मी मुद्दाम काढला. आमच्याकडे राहणारे बरेचजण भाडेकरू आहेत, त्यांना वाटायचं ही नोटीस मालकांसाठी. ‘करण्यात येईल’ही गेलं, कारण त्यात काम कोणाचं ते लपतं.

वार्षिक सभेच्या सूचनेचं मात्र असं करता येत नाही. ती 14 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि विषयपत्रिका लागते. तिथे मूळ मजकुराला हात न लावता वर दोन ओळी जोडते: सभा कधी, कुठे, आणि हिशेबावर प्रश्न असेल तर तो लेखी कोणत्या दिवशी द्यायचा.

लावण्याआधी कागद वॉचमनकाकांना वाचायला देते, परत घेते आणि विचारते, ‘काका, नळ कधी बंद करायचे?’ उत्तर देताना त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदाकडे वळली, तर ती ओळ पुन्हा लिहिते.