रेनेसाँसचं प्रमाण: प्लॅन, दर्शनी बाजू आणि घुमटावरचं उत्तर कसं लिहावं

हिस्टरी ऑफ आर्किटेक्चरच्या पेपरात हा प्रश्न फिरून फिरून येतो. ‘अभिजात प्रमाणाच्या पुनरुज्जीवनाचा रेनेसाँस वास्तूंच्या प्लॅन, दर्शनी बाजू व घुमटांवर झालेला परिणाम सोदाहरण स्पष्ट करा.’ वाचल्यावर सोपा वाटतो आणि तिथेच गोची होते. निम्मी मुलं व्हिट्रुव्हियसपासून सुरुवात करून मानवतावाद, मेडिची घराणं, छपाईचा शोध असं दीड पान भरतात. प्रमाण म्हणजे नक्की कशाचं कशाशी, हे मात्र कुठेच येत नाही. प्रस्तावनेला चार ओळी पुरेत. खांब, पेडिमेंट आणि अर्धगोल कमानी ही वरची भाषा. त्यांच्या मागे एक ठरावीक माप असतं आणि त्याच्या साध्या पटीत सगळी इमारत बसवलेली असते, एवढं म्हणा आणि थेट इमारतीवर या.

प्लॅनसाठी फ्लॉरेन्सचं सांतो स्पिरितो घ्या, दुसरं काही शोधू नका. ब्रुनेलेस्कीचं काम. तो १४४६ मध्ये गेला तेव्हा इमारत जेमतेम जमिनीवर येत होती आणि पुढच्यांनी काही गोष्टी बदलल्या, पण प्लॅनचा हिशेब शाबूत राहिला. बाजूच्या आइलचा एक चौकोनी कप्पा हे एकक धरा. नेव्हची रुंदी त्याच्या दुप्पट. मधला क्रॉसिंगचा चौक म्हणजे असे चार कप्पे. आता सेक्शनकडे बघा: नेव्हची उंची तिच्या रुंदीच्या दुप्पट, आणि त्या उंचीतही खालची कमानींची पट्टी आणि वरची खिडक्यांची भिंत जवळजवळ सारख्या उंचीच्या. आइलचे कप्पेही रुंदीच्या दुप्पट उंच. म्हणजे जमिनीवरचा एकास दोनचा हिशेबच भिंतीवर चढलेला आहे. तुमच्या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच: प्लॅन आणि सेक्शन एकाच आकड्यातून निघतात. गॉथिक कॅथेड्रलमध्ये आत शिरल्यावर नजर वर ओढली जाते. इथे पहिले दोन कप्पे पाहिले की पुढचं अंतर डोळ्यांनीच मोजता येतं.

आकृती काढताना एक गोष्ट सांभाळा. ही मापं खांबांच्या मध्यरेषांपासून धरायची. खांबाच्या कडेपासून धरलीत तर दुपटीचा हिशेब बसत नाही, आणि मग मुलं आकृतीत काहीतरी ढकलून देतात. तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

दर्शनी बाजूसाठी आल्बेर्तीचं सांता मारिया नोव्हेल्ला, तेही फ्लॉरेन्समध्येच. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण ही आकृती नीट आली तर अर्धं उत्तर झालं. पट्टी घ्या आणि ८ सेंमीचा चौरस काढा. अख्खी दर्शनी बाजू त्यात बसते. चौरस आडवा मधोमध कापा. खालचा भाग ८ बाय ४, म्हणजे ४ सेंमीचे दोन चौरस शेजारी शेजारी. वरच्या भागात मधोमध तसाच एक ४ सेंमीचा चौरस, त्यात वरचा मजला पेडिमेंटसकट बसतो. दोन्ही बाजूंना उरतात प्रत्येकी २ सेंमी, तिथे त्या प्रसिद्ध वळ्या, म्हणजे स्क्रोल. आता आत शिरा. वरच्या चौरसाच्या खालच्या अर्ध्यात मधला गाळा २ बाय २. त्याच्या दोन्ही बाजूंचे गाळे प्रत्येकी १ सेंमी रुंद. वरच्या अर्ध्यात, म्हणजे उरलेल्या २ सेंमीत, आडवी पट्टी आणि पेडिमेंट. दोन मजल्यांच्या मध्ये जी चौकोनी नक्षीची आडवी पट्टी दिसते ती अॅटिक. ती १ सेंमी उंच आणि ती खालच्या ४ सेंमीत धरायची. तिच्याखाली उरतात ३ सेंमी, आणि दाराचा मधला गाळा २ रुंद, ३ उंच. एकास दोन, एकास एक, दोनास तीन. झालं. संगीतातल्या सप्तकाचं प्रमाण एकास दोन आणि पंचमाचं दोनास तीन, हे आल्बेर्तीला चांगलं ठाऊक होतं आणि आपल्या ग्रंथात त्याने ते मांडलंही. तेवढा उल्लेख एका वाक्यात करा, संगीतावर परिच्छेद लिहीत बसू नका.

पण एवढं लिहून थांबलात तर उत्तर फक्त भूमितीचं होतं. आल्बेर्तीला कोरी भिंत मिळालेली नव्हती. खालच्या भागात टोकदार कमानींच्या जुन्या कबरी होत्या, वरची मोठी गोल खिडकीही आधीचीच. मागे उंच नेव्ह आणि ठेंगणे आइल, म्हणजे देवळाच्या कपाळासारखं एक अखंड पेडिमेंट बसवणं शक्यच नव्हतं. स्क्रोल तिथून आले: उंच मधला भाग आणि खालची रुंद बाजू यांच्यातली पायरी त्यांनी झाकली, आणि ही युक्ती पुढे शेकडो चर्चांनी उचलली. वरच्या पट्टीवर खर्च करणाऱ्या जोव्हान्नी रुचेल्लाईचं नाव आणि १४७० हे साल रोमन अक्षरांत कोरलेलं आहे. साल लक्षात ठेवायला याहून सोपी जागा नाही. प्रत्यक्ष मोजमापात काही सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून ‘अचूक’ हा शब्द टाळा, ‘योजना’ म्हणा.

आता घुमट. इथे सापळा आहे आणि तो नीट समजून घ्या. आमच्या बॅचमध्ये वर्षानुवर्षांच्या झेरॉक्स नोट्स फिरत होत्या, त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘फ्लॉरेन्स कॅथेड्रलचा घुमट, १४२० ते १४३६, अभिजात प्रमाणाचं सर्वोत्तम उदाहरण.’ सगळ्यांनी तसंच उतरवलं आणि सगळ्यांचे मार्क तिथेच गेले. सीनियरच्या नोट्सबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं चांगलं नाही. सुवाच्य अक्षर म्हणजे खरी माहिती नव्हे.

तो घुमट रेनेसाँसचा आहे, पण त्याचं प्रमाण अभिजात नाही. आकार अष्टकोनी, आणि तो ब्रुनेलेस्कीने ठरवलेला नव्हता. १३६७ मध्येच मंजूर झालेल्या प्रतिकृतीने त्याला बांधून टाकलं होतं. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सुमारे ४२ मीटर. वरची रेषा टोकदार, कारागिरांच्या भाषेत ‘पाचव्या भागाची’. ही रेषा एकदा हाताने काढाच. १० सेंमीची आडवी रेषा घ्या, तिचे पाच भाग करा. कंपासचं टोक डावीकडून २ सेंमीवर ठेवा, ८ सेंमी त्रिज्या घ्या आणि उजव्या टोकापासून वर चाप काढा. मग उजवीकडून २ सेंमीवर टोक ठेवून तसंच डाव्या बाजूचं करा. दोन चाप मध्ये भेटतात ती उंची सुमारे ७.४ सेंमी. त्याच रेषेवर अर्धगोल काढलात तर उंची येते बरोबर ५. हा फरक समोर असला की ‘रोमन पॅन्थिऑनची प्रतिकृती’ असलं वाक्य पेनातून उतरणारच नाही.

टोकदार का? कारण अर्धगोल घुमट तळाशी बाहेरच्या बाजूला जास्त रेटा देतो आणि या ड्रमला बाहेरून गॉथिक पद्धतीचे टेकू द्यायचे नाहीत हे आधीच ठरलेलं होतं. रेषा जितकी उभी, रेटा तितका कमी. मग यात रेनेसाँस कुठे? दोन कवचं, खालून लाकडी सांगाडा न उभारता हेरिंगबोन पद्धतीने चढवलेल्या विटा, रेटा आवळून धरणाऱ्या दगडी आणि लाकडी साखळ्या, हे त्याचं बांधकामातलं धाडस. आणि वरच्या लँटर्नवरची अभिजात भाषा. एवढं दोन वाक्यांत लिहा आणि स्पष्ट म्हणा की प्रमाणाचं पुनरुज्जीवन घुमटापर्यंत पोचायला अजून अवकाश होता. ही ओळ उत्तरात असली की तपासणारा थांबून वाचतो.

अभिजात प्रमाण घुमटापर्यंत पोचतं ते रोममध्ये, ब्रामान्तेच्या तेम्पिएत्तोत. पायाशी १५०२ ही तारीख कोरलेली आहे, बांधकाम त्यानंतरचं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. गोल प्लॅन, भोवती १६ डोरिक खांब, वर ड्रम आणि त्यावर अर्धगोल घुमट. प्लॅनमधलं वर्तुळच जणू वर उचललं जाऊन घुमट होतं. इथे प्लॅन, दर्शनी बाजू आणि घुमट हे तीन वेगळे विषय राहातच नाहीत, म्हणून घाई असेल तर हे एकच उदाहरण तिन्ही ठिकाणी वापरता येतं. मात्र ते इवलंसं आहे, आत जेमतेम साडेचार मीटर व्यास. एवढ्या घुमटाचा रेटा भिंती सहज पेलतात.

हाच विचार त्याने १५०६ मध्ये सेंट पीटर्सच्या आकारावर नेला तेव्हा अडचण सुरू झाली. समान भुजांचा क्रॉस, मधोमध पॅन्थिऑनसारखा अर्धगोल घुमट. पण पॅन्थिऑनचा सुमारे ४३ मीटरचा घुमट जमिनीपासून उठणाऱ्या जाड गोल भिंतीवर बसतो. सेंट पीटर्समध्ये साधारण तेवढाच घुमट चार मोठ्या स्तंभांवर, उंच ड्रमवर चढवायचा होता. पुढच्या वास्तुकारांनी ते स्तंभ जाड केले. १५४६ नंतर मायकेलअँजेलोने मधला क्रॉस परत सुटसुटीत केला, आणि १५८८ ते १५९० मध्ये जाकोमो देल्ला पोर्ताने घुमट बांधला तो टोकाकडे उंचावलेला. तरीही १७४०च्या दशकात भेगा पडल्या म्हणून लोखंडी कडी आवळावी लागली. उत्तरात हे असं मांडा: प्लॅनमध्ये प्रमाण जवळजवळ पूर्ण जिंकलं, दर्शनी बाजूवर त्याने जुन्या भिंतींशी तडजोड केली, आणि मोठ्या घुमटात त्याला वजनापुढे वाकावं लागलं.

आता सोनेरी गुणोत्तर. १.६१८ हा आकडा उत्तरपत्रिकेत दिसला नाही तर बरं. आपण वर जे जे मोजलं ते साध्या पूर्णांकांच्या गुणोत्तरांचं होतं. पाल्लादिओने १५७० मध्ये खोल्यांसाठी जे आकार सुचवले त्यातही गोल, चौरस, तीनास चार, दोनास तीन, तीनास पाच, एकास दोन असेच आहेत. एकमेव अपवाद चौरसाच्या कर्णाचा, आणि तोही सोनेरी नाही. इंटरनेटवर इमारतीच्या फोटोंवर गोगलगायीसारखी वळी चिकटवलेली असते, ती बघून घाबरूही नका आणि उतरवूही नका.

वेळेचं म्हणाल तर नोव्हेल्लाची आकृती आधी काढा, हात ताजा असताना. मग टोकदार आणि अर्धगोल या दोन रेषा एकाच आडव्या रेषेवर, छोट्याशा. सांतो स्पिरितोचा फक्त क्रॉसिंगजवळचा तुकडा पुरतो, अख्खा प्लॅन काढायला गेलात तर दहा मिनिटं त्यातच जातील. तारखा गडबडल्या तर शतक लिहा, कुणी फासावर देत नाही. गोव्यात जाणं झालंच तर जुन्या गोव्यातल्या सेंट काजेतानमध्ये डोकवा. सेंट पीटर्सचं वळण गिरवणारी कॉरिंथियन दर्शनी बाजू आणि मधला घुमट तिथे एकत्र दिसतात. पट्टी सोबत ठेवा, फोटोवर चौरस आखून बघायला.