शेवटची ओळ पहिल्या ओळीला जोडताना या चुका टाळा

रील किंवा शॉर्टसारखा छोटा व्हिडिओ संपला की लूपमध्ये आपोआप पुन्हा सुरू होतो, म्हणून त्याची शेवटची ओळ पहिल्या ओळीत न अडखळता मिसळायला हवी. त्यासाठी शेवटी "कारण…" म्हणायचं आणि व्हिडिओ तोडायचा, हा सोपा उपाय सगळे उचलतात. मीही उचलला होता. फोनच्या कॅमेऱ्यावर बावीस सेकंदांचा व्हिडिओ होता. पहिली ओळ, "फोटो काढण्याआधी लेन्स पुसा." शेवटची, "तुमचे फोटो धूसर येतात, कारण…". पहिल्याच दिवशी तीन जणांनी विचारलं, व्हिडिओ अर्धवट अपलोड झालाय का? त्यांचं बरोबर होतं. "कारण"नंतर कान विधानाची वाट पाहतो, आणि माझी पहिली ओळ होती आज्ञा. सांधा बसणारच नव्हता.

मी शेवट बदलला: "फोन दिवसभर हातात आणि खिशात असतो, म्हणून आठवणीने…" आणि लगेच "फोटो काढण्याआधी लेन्स पुसा." आता वाक्य पूर्ण होतं, आणि पहिली ओळ सुरुवातीला एकटीही उभी राहते. दोन्ही हवंच. पहिली ओळ आज्ञा असेल तर तिच्याआधी "म्हणून" किंवा "तेव्हा" चालतं, "कारण" हवं असेल तर पहिली ओळच विधान करा, जसं "लेन्सवर बोटांचे ठसे असतात." मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे त्याच्याआधी तोडलेलं वाक्य कानाला लटकतं ठेवतं. ही सोय आपल्याला आयती मिळाली आहे, ती वापरा.

म्हणून मी आधी पहिली ओळ लिहिते, लगेच शेवटची, आणि मधला मजकूर सगळ्यात शेवटी. घाईतले लोक मधलं सगळं रेकॉर्ड करून मग शेवट शोधत बसतात, आणि तो चिकटवलेला आहे हे ऐकताच कळतं.

दुसरी चूक आवाजाची. वाक्य संपताना आपला सूर आपोआप खाली येतो, आणि सूर पडला की बघणारा पुढे सरकवतो. शब्द कितीही नेमके असले तरी सांधा तिथे उघडा पडतो. मी शेवटची आणि पहिली ओळ एका श्वासात, सलग म्हणते: "म्हणून आठवणीने फोटो काढण्याआधी लेन्स पुसा." मग एडिटिंगमध्ये "आठवणीने"नंतर कापून त्यानंतरचा तुकडा व्हिडिओच्या सुरुवातीला नेते. सूर आपोआप जुळतो. वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड करून हे जमत नाही; खोलीचा आवाजसुद्धा बदललेला असतो.

कापताना शेवटी अर्धा सेकंदही शांतता ठेवू नका. सेकंदाला तीस फ्रेम असलेल्या व्हिडिओत त्या पंधरा फ्रेम होतात, आणि तेवढ्यात अंगठा हलतो. संगीत हळूहळू विरवत नेऊ नका. "नमस्कार मंडळी"ने सुरुवात नको. शेवटी "फॉलो करा" तर अजिबात नको, ते कॅप्शनमध्ये टाका.

पोस्ट करण्याआधी मी व्हिडिओ लूपवर लावून, त्यातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाच्या हातात देते. तो पहिल्या फेरीच्या शेवटी मान वर करून "संपला?" म्हणाला, तर मी शेवटची ओळ पुन्हा लिहिते.