शुगर सांभाळून जीव विटलाय? घरात बोलताना या चुका टाळा

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका घरातली पंचावन्न वर्षांची आई. बारा वर्षांचा डायबेटिस, चार वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. तिच्या वहीत उपाशीपोटीची शुगर रोज नीट लिहिलेली आहे: ११२, ११८, ११०, ११५. बेळगावच्या लॅबमधून एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीचा, रिपोर्ट मात्र ९.४ येतो. याचा अर्थ सरासरी शुगर २२० च्या आसपास. जेवणानंतरची शुगर चढत असेल, तरी एवढा फरक सहसा पडत नाही. मग मुलाचं लक्ष पट्ट्यांच्या डबीकडे जातं. दिवाळीत आणलेली पन्नास पट्ट्यांची डबी अजून अर्धी भरलेली आहे.

आईने बरेच दिवस टोचून बघितलेलंच नाही. वहीतले आकडे मनाचे आहेत, आणि संध्याकाळचं इन्सुलिनही अधूनमधून चुकतं.

याला आळस म्हणणं ही पहिली चूक. बारा वर्षं रोज तेच टोचणं, तेच मोजणं, आणि इतकं करूनही आकडा हवा तसा येत नाही, तेव्हा माणूस थकतो. या थकव्याला डॉक्टरांच्या भाषेत ‘डायबेटिस बर्नआउट’ म्हणतात. ‘शुगरचा विचारच नकोसा झालाय’ आणि ‘मी काहीही केलं तरी चुकतंच’, हे दोन्ही वारंवार वाटत असेल तर तो हाच असण्याची शक्यता मोठी.

आकड्याला परीक्षेचे मार्क समजू नका

आईने आकडे का लपवले? एकदा सकाळी १८६ आली आणि वडील म्हणाले, ‘काल पाहुण्यांनी आणलेला कुंदा खाल्लास ना?’ तिने खाल्लाच नव्हता. दाढ सुजली होती, रात्रभर झोप नव्हती. आत कुठे पू झाला, ताप आला, झोप मोडली, ताण आला किंवा रोज त्याच जागी इंजेक्शन घेऊन तिथे गाठ झाली, तरी शुगर चढते. पहाटे शरीर स्वतःच साखर सोडतं, म्हणून काही जणांची उपाशीपोटीची शुगर काही न खाताच वाढलेली दिसते. प्रत्येक आकड्यावर उलटतपासणी झाली, की माणूस मशीन उघडणंच सोडतो.

डोस चुकल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका

सगळ्यात धोक्याची चूक ही. ९.४ बघून डॉक्टर डोस वाढवतात, कारण सगळी इन्सुलिन घेतली जातेय असं त्यांना वाटतं. घरी येऊन सून रोज समोर बसून वाढवलेला पूर्ण डोस द्यायला लागते, आणि पहाटे शुगर फार उतरून आईला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. शुगर ७० च्या खाली गेली, की माणूस शुद्धीवर असताना तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. ‘आठवड्यात दोन-तीन संध्याकाळचे डोस चुकतात’ एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं, तर बहुधा ही वेळच आली नसती.

ताटावर बसून हा विषय काढू नका

भाकरी वाढताना किंवा मशीनवर आकडा दिसल्या दिसल्या बोललं, की वाद होतो. जेवणं आटोपून सगळे निवांत बसले की बोला, आणि मोघम ‘मला समजून घ्या’ म्हणण्यापेक्षा नेमकं काम मागा. आईने असं म्हणावं: ‘अहो, आकडा जास्त आला तर काय खाल्लंस विचारू नका, बरं वाटतंय का एवढंच विचारा. आणि बाळा, संध्याकाळच्या इंजेक्शनची आठवण तू कर. पट्ट्या आणि औषधं आणायचंही तूच बघ.’ दोन कामं डोक्यावरून उतरली तरी फरक पडतो.

घरच्यांनी उत्तरात ‘हल्ली सगळ्यांनाच असतो डायबेटिस’ किंवा ‘शेजारच्या काकू बघ कशा सांभाळतात’ म्हणू नये. धीर देण्याच्या हेतूने म्हटलं तरी समोरच्याला ते घाव घालतं. ‘यातलं सगळ्यात नकोसं काय वाटतं?’ असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. तिच्यासाठी वेगळी भाजी रांधण्यापेक्षा सगळ्या घराने तेच खाल्लेलं बरं.

सुट्टी घ्या, पण इन्सुलिनला नाही

काही दिवस तपासणी कमी करता येईल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पुष्कळदा मार्ग निघतो. इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका. टाइप १ असेल तर हे जिवावर बेतू शकतं: उलट्या, पोटदुखी, जोरात श्वास सुरू झाले तर ताबडतोब दवाखाना गाठा.

शुगरचा विषय सोडूनही कशातच मन लागत नसेल, दोन आठवडे उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याचे उपचार वेगळे. त्यासाठी डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन करा. जगावंसं वाटत नाही असा विचार आला, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि फोन करा.