बीटा ब्लॉकर एकदम बंद केल्यावर नाडी का धावते? या चुका टाळा

औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षं काउंटरमागे उभं राहिल्यावर एक वाक्य वारंवार कानावर पडतं: "ती लहान गोळी नको आता, बीपी नॉर्मल आलंय." पट्टी हातात घेऊन बघावं तर मेटोप्रोलोल असतं, नाहीतर एटेनोलोल. ही दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारी औषधं. बीपीच्या बाकी बहुतेक गोळ्या सोडल्या तर बीपी सावकाश मूळ पातळीवर येतं. बीटा ब्लॉकर एकदम सोडलं, तर नाडी मूळ पातळीच्याही वर उसळू शकते. याला रिबाउंड म्हणतात.

हे का होतं ते आधी नीट समजून घेऊ. अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं हृदयावरच्या बीटा रिसेप्टरवर बसतात आणि ठोके वाढवतात. बीटा ब्लॉकर त्याच जागा अडवून धरतं. महिनोन्महिने दारं अशी अडवलेली राहिली की शरीर नवी दारं उघडतं, म्हणजे रिसेप्टरची संख्या वाढते. गोळी चालू असेपर्यंत याचा पत्ता लागत नाही. ती अचानक थांबली की औषध एक-दोन दिवसांत शरीराबाहेर जातं, पण वाढलेले रिसेप्टर तिथेच राहतात. मग रोजचंच अ‍ॅड्रेनलिन हृदयाला जास्त लागू पडतं. हा काळ बहुधा दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो, पहिल्या आठवड्यात जास्त जाणवतो आणि कधी दोन आठवड्यांपर्यंत लांबतो.

चूक पहिली: आकडे चांगले आले म्हणून गोळी थांबवणे

एक उदाहरण घेऊ. 61 वर्षांचे गृहस्थ, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला, रोज सकाळी मेटोप्रोलोल सक्सिनेट 50 मिलिग्रॅम. घरच्या मशीनवर बीपी 114/72 आणि नाडी 58 दिसते. "साठच्या खाली गेली" म्हणून ते गोळी बंद करतात. चक्कर नाही, थकवा नाही, काहीच त्रास नव्हता. खरं तर या गोळीवर असलेल्या माणसाची विश्रांतीची नाडी 55 ते 60 असणं बहुतेक वेळा गोळी तिचं काम करतेय याचीच खूण असते.

पहिल्या दिवशी काही होत नाही, आणि इथेच माणूस फसतो. दुसऱ्या दिवशी जिना चढताना छातीत धडधडतं. तिसऱ्या दिवशी नुसतं बसलेलं असताना नाडी 104, बीपी 158/94, हाताला कंप, अंगाला घाम. संध्याकाळी जिन्यातच छाती आवळल्यासारखी होते.

हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. नाडी 58 वरून 104 वर गेली की हा विसावा फार कमी होतो आणि त्याच वेळी स्नायूची प्राणवायूची गरज वाढते. रक्तवाहिन्या आधीच अरुंद असलेल्या माणसात एवढी तफावत अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणारा त्रास, उफाळायला पुरेशी असते, कधी हार्ट अटॅकलाही. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी ही औषधं अचानक थांबवू नयेत, असा ठळक इशारा मेटोप्रोलोल, एटेनोलोल आणि प्रोप्रॅनोलोल यांच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो.

या गृहस्थांनी तिथेच बसायला हवं. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवली असेल, तर सांगितल्याप्रमाणे घ्यावी आणि 108 ला फोन करावा. "सकाळपर्यंत बघू" म्हणू नये. दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगावं: "तीन दिवसांपूर्वी मेटोप्रोलोल बंद केलं." ईसीजी आणि रक्ततपासणीबरोबर ही माहितीही तितकीच कामाची असते, कारण बऱ्याचदा तेच औषध पुन्हा सुरू करणं हा उपचाराचा भाग असतो.

चूक दुसरी: धडधडीला अ‍ॅसिडिटी किंवा टेन्शन समजणे

धडधड, कंप, घाम, बेचैनी, झोप न लागणं. यादी वाचली तर कोणालाही घबराटच वाटेल. म्हणून माणूस अँटासिड घेतो, शेजाऱ्यांची झोपेची गोळी मागतो आणि दोन दिवस वाया जातात. गेल्या दोन आठवड्यांत कुठली गोळी थांबली, संपली किंवा बदलली का, हे अशा वेळी आधी विचारा. नाडी मोजताना पाच मिनिटं शांत बसा आणि मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके अनियमित, मध्येच तुटक लागले तर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. ती अनियमितता स्वतःच डॉक्टरांना कळवण्यासारखी गोष्ट आहे.

चूक तिसरी: नकळत गोळी बंद होणे

ही मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते, कारण इथे कोणी काही ठरवून करत नाही. आपल्याकडे एकाच गोळीत दोन औषधं सर्रास मिळतात, जसं टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल. नव्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं टेल्मिसार्टन लिहिलं, जुनी पट्टी त्यांना दाखवलेली नव्हती, आणि बीटा ब्लॉकर चुपचाप गळून पडलं. दोन्ही पट्ट्यांवरची बारीक अक्षरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. शेवटी 'लोल' असलेलं नाव जुन्या पट्टीवर आहे आणि नव्या पट्टीवर नाही, तर ते मुद्दाम काढलंय का हे डॉक्टरांना विचारा.

गणपतीला गावी जाताना मोजून तेवढ्याच गोळ्या नेणं हाही त्यातलाच प्रकार. मुक्काम वाढतो, पट्टी संपते. निदान आठवड्याभराच्या जास्तीच्या गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो बरोबर असू द्या.

एखादा डोस राहिला तर आठवताच घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. बरेच दिवस खंड पडला असेल तर मात्र जुना पूर्ण डोस स्वतःहून सुरू करू नका. हृदय अशक्त असलेल्या, कार्व्हेडिलोल किंवा बिसोप्रोलोल घेणाऱ्या माणसाला पुन्हा कमी डोसपासून चढावं लागू शकतं.

चूक चौथी: मनानेच डोस कमी करत जाणे

"एकदम नको ना, मग अर्धी अर्धी करून सोडतो" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. साधारण पद्धत अशी: 100 मिलिग्रॅम घेणाऱ्याला काही दिवस ते आठवडाभर 50, मग तितकेच दिवस 25, आणि मग बंद. हृदयविकार असेल तर डॉक्टर हा काळ वाढवतात, त्या दिवसांत जड कामं टाळायला सांगतात आणि प्रत्येक पायरीवर नाडी, बीपी व छातीचा त्रास विचारतात. त्रास सुरू झाला तर आधीच्या डोसवर परत नेतात. सावकाश विरघळणारी एक्सएल गोळी कुटायची किंवा चावायची नसते. मधोमध रेघ असली तरी ती मोडावी का, हे दुकानात विचारून घ्या.

गोळीचं कारणही महत्त्वाचं. थायरॉईड वाढलेल्या माणसाला प्रोप्रॅनोलोल दिलं असेल, तर बरं वाटतंय म्हणून ते सोडल्यावर धडधड जोरात परत येऊ शकते, कारण मूळ आजार अजून आत चालूच असतो. क्लोनिडिन हे बीपीचंच दुसरं औषध बरोबर चालू असेल, तर आधी कुठलं औषध काढायचं याचा क्रमसुद्धा ठरलेला असतो: बीटा ब्लॉकर आधी, क्लोनिडिन नंतर. उलटं केलं तर बीपी धोकादायकरीत्या चढू शकतं.

कधी औषध तातडीने थांबवावंच लागतं. नाडी 50 च्या खाली आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणं असं काही असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी लगेच डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली तर थेट 108. हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा विद्युत संदेश हृदयात अडकणं, निघाला तर औषध थांबवलं जातं, पण तेव्हा माणूस मॉनिटरवर असतो. आणि मोतीबिंदू असो की गुडघा, शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी राहायचं म्हणून ही गोळी आपणहून चुकवू नका. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. ते बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.