बाळाचा इसब: आईचे मासे बंद करण्याआधी न्हाणीघरातल्या या चुका टाळा

बाळाच्या गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले की कोकणातल्या घरात पहिली बंदी येते ती आईच्या ताटावर. बांगडा नको, कोळंबी नको, अंडं नको. आई महिनाभर मऊभात खाऊन राहते आणि चट्टे जिथल्या तिथे. इसबात त्वचेचा वरचा थरच कमकुवत असतो. तो ओलावा धरून ठेवत नाही, बाहेरचं टोचणारं आत शिरू देतो, म्हणून खाज सुटते. आणि या थराची रोज सर्वांत जास्त झीज होते ती न्हाऊ घालताना.

डाळीचं पीठ चोळून तेल काढलं की त्याचे बारीक कण त्वचा खरवडतात. कढत पाणी त्वचेतला उरलासुरला स्निग्धांश धुऊन नेतं. नंतरची ओवा-वेखंडाची धुरी चट्ट्यांनाही झोंबते आणि श्वासालाही. इसब असलेल्या बाळाला हे तिन्ही बंद करा. पाणी कोपराला जेमतेम कोमट लागेल इतकंच, आंघोळ ५ ते १० मिनिटांत आटोपायची. साबणाऐवजी बिनवासाचं सौम्य क्लेन्झर, तेही मळ असेल तिथेच. मऊ पंचाने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग किंचित ओलं असतानाच, साधारण ३ मिनिटांच्या आत, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं.

इथे हात आखडतो. मटाराएवढं क्रीम सगळ्या अंगाला पुरवलं जातं. अंगभर इसब असेल तर बाळाला आठवड्याला निदान १०० ग्रॅम क्रीम लागतं. छोटी ट्यूब महिनाभर टिकत असेल तर ते पुरेसं लागतच नाही. दिवसातून दोनदा तरी लावा. नुसतं खोबरेल या क्रीमची जागा घेऊ शकत नाही, आणि लालभडक किंवा पाझरणाऱ्या चट्ट्यावर तेलाची मालिश नकोच.

किनारपट्टीच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट बिघडते. थंड, कोरड्या हवेसाठीचं घट्ट मलम एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसभर अंगावर राहिलं की घाम कोंडतो आणि घामोळं उठतं. ‘क्रीम सोसलं नाही’ म्हणून मग सगळंच बंद होतं. दिवसा हलकं क्रीम आणि रात्री, पंख्याखाली, घट्ट मलम, असं ठेवलं तर बहुतेक वेळा निभतं.

डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड दिलं तर भीतीने निम्मंच लावणं ही मोठी चूक. चट्टा अर्धवट विझतो आणि चार दिवसांत परत पेटतो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. ती मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. सांगितलेले दिवस पूर्ण लावा. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांत १५-२० मिनिटं जाऊ द्या. मात्र मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेलं, स्टेरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मलम बाळाच्या अंगाला लावू नका. त्यातलं स्टेरॉइड पुष्कळदा फार तीव्र असतं आणि बाळाची त्वचा पातळ.

आता कशामुळे उफाळतं ते. समजा सात महिन्यांचं बाळ आहे, जून लागलाय. गाल, हनुवटी आणि हातापायांची बाहेरची बाजू लाल, लंगोटाखालची त्वचा मात्र स्वच्छ. ही इसबाचीच ठेवण. दोन आठवडे वहीत रोज चार गोष्टी लिहा: चट्टे कुठे, किती वाजता वाढले, त्याआधी काय झालं, रात्री झोप कशी लागली. हनुवटी नाचणीच्या पेजेनंतर लाल होत असेल तर नाचणीवर ठपका ठेवण्याआधी लाळ आणि पुसण्याचा विचार करा. भरवण्याआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा, ओल्या कापडाने टिपा. मान आणि पाठ वीज गेलेल्या रात्रींनंतर पेटत असेल तर दोष घामाचा: टोपरं, कुंची काढा, एकेरी सुती झबलं ठेवा. पावसात घरात वाळलेल्या दुपट्यांना कुबट वास येत असेल तर ती अंगावर घालू नका. कपडे धुण्याची पावडर निघून जावी म्हणून एकदा जास्तीच्या पाण्यातून काढा. एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर पाहा. चार बदल एकदम केले तर कशाने उतार पडला हे कळत नाही.

अन्नाचा संशय कधी घ्यावा? खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या, तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवा. श्वास अडला किंवा बाळ मलूल पडलं तर लगेच रुग्णालय गाठा. अशी चिन्हं नसतील तर आईचं पथ्य स्वतःहून सुरू करू नका.

चट्ट्यातून पाणी पाझरू लागलं, मधासारखी पिवळी खपली धरली किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग समजा आणि त्याच दिवशी दाखवा. एकसारख्या आकाराच्या, खड्डा पडल्यासारख्या दुखऱ्या फोडांचा पुंजका दिसला तर सकाळची वाट पाहू नका: तो हर्पीसच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्यावर तातडीने औषध लागतं. घरात कुणाच्या ओठावर ज्वराचे फोड असतील तर त्यांनी बाळाचा मुका घेऊ नये.