दोन महिने थकलेल्या बिलासाठी पत्र लिहिताना या चुका टाळा

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या लहान कारखान्यांचे हिशेब मी पाहतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका पक्षकाराने थकबाकीचे पत्र दाखवायला आणले. तो नमकीन पॅक करणाऱ्या मशिनांच्या देखभालीचे काम करतो. गिऱ्हाईक म्हणजे नमकीनचीच एक कंपनी. मालक मराठी, दोघांची घरे एकाच भागातली, गणपतीत आरतीला भेट ठरलेली. त्यामुळे पत्राचा सूर असा होता: "आपले जुने संबंध लक्षात घेता, शक्य झाल्यास लवकरात लवकर उरलेली रक्कम पाठवावी ही विनंती." पत्रात बिलाचा नंबर नव्हता, रक्कम चुकीची होती आणि तारीख कुठेच नव्हती. अशी दोन पत्रे त्याने आधीच पाठवली होती. त्यांना उत्तर आले नव्हते.

सर्वांत महागात पडली ती रकमेची चूक. काम 1,00,000 रुपयांचे, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे बिल 1,18,000 चे. मे महिन्यात 40,000 आले होते. त्याने सरळ वजाबाकी करून 78,000 मागितले. पण कंपनीने टीडीएस कापला होता. तो जीएसटी वगळून मूळ रकमेवर कापला जातो, आणि हा पक्षकार स्वतःच्या नावाने धंदा करणारा एकटा मालक असल्याने दर 1 टक्का, म्हणजे 1,000 रुपये. कंपनीच्या खात्यात त्याचे येणे 77,000 दिसत होते. हजाराचाच फरक, पण लेखापाल अशा पत्रावर "हिशेब जुळत नाही" असा शेरा मारतो आणि फाइल बाजूला ठेवतो. त्याला टाळाटाळ म्हणता येत नाही, कारण रक्कम खरोखरच चुकीची असते. म्हणून पत्र लिहिण्याआधी आपला टीडीएस आयकर पोर्टलवरच्या उताऱ्यात दिसतो का ते पाहा आणि गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून आपल्या खात्याचा उतारा मागवा. उतारा मागताना पैशांचा विषय काढू नका. तो सहसा लगेच मिळतो.

दुसरी चूक दिवस मोजण्याची. अनेक जण बिलाच्या तारखेपासून मोजतात. 5 एप्रिलचे बिल, मुदत 30 दिवस, म्हणजे देय तारीख 5 मे. पत्र 6 जुलैला गेले तर उशीर 62 दिवसांचा, 92 चा नव्हे. वाढवून लिहिलेला आकडा समोरचा मुदतीची अट दाखवून एका वाक्यात खोडतो, आणि मग आपल्या इतर आकड्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

नरमपणा कुठे ठेवायचा हेही ठरवावे लागते. तो संबोधनात आणि अडचण विचारण्यात असावा. रक्कम आणि तारीख मात्र स्पष्ट हवी. "शक्य झाल्यास" लिहिले की शक्य झाले नाही एवढे उत्तर पुरते. "लवकरात लवकर" म्हणजे कधी, हे कोणालाच माहीत नसते. आम्ही पत्र नव्याने लिहून हिंदीत पाठवले. त्याचा मजकूर मराठीत असा:

"स. न. वि. वि.
विषय: 5 एप्रिलच्या आमच्या बिलापैकी 77,000 रुपये येणे.
महोदय, सदर बिल 1,18,000 रुपयांचे आहे. आपण कापलेला टीडीएस 1,000 आणि मे महिन्यात दिलेले 40,000 वजा जाता 77,000 रुपये बाकी आहेत. ठरलेल्या 30 दिवसांच्या मुदतीप्रमाणे ही रक्कम 5 मे रोजी देय होती. आज 62 दिवस उलटले आहेत.
कामाबद्दल किंवा बिलाबद्दल आपला काही आक्षेप असल्यास 10 जुलैपर्यंत लेखी कळवावा. ज्या भागावर आक्षेप नाही ती रक्कम तोवर थांबवू नये. आक्षेप नसल्यास पूर्ण 77,000 रुपये 16 जुलैपर्यंत आमच्या खात्यात जमा करावेत. बिलाची प्रत, कामाच्या पूर्ततेची सही आणि खात्याचा तपशील सोबत जोडला आहे.
16 जुलैपर्यंत रक्कम किंवा उत्तर न आल्यास 17 तारखेपासून नवीन काम हाती घेता येणार नाही, आणि पुढील कार्यवाही सुरू करावी लागेल. तशी वेळ येऊ नये अशी इच्छा आहे."

यात "पुढील कार्यवाही" मुद्दाम मोघम ठेवली आहे. पहिल्या नीट पत्रातच कायदा दाखवला की मालक वकिलाकडे जातो आणि पैसे महिनाभर मागे पडतात. पण त्यानंतरच्या पत्रासाठी कायदा नीट ठाऊक हवा, कारण इथेही चुका होतात. एमएसएमई कायदा 2006 चा. त्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे गिऱ्हाइकाने ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत 45 दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. लेखी मुदतच नसेल तर 15 दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याने चक्रवाढ होणारे व्याज लागते, आणि तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. मात्र आपली उद्यम नोंदणी काम करण्याआधीची हवी. पैसे अडकल्यावर घाईने नोंदणी केली तर जुन्या बिलाला तिचा आधार धरू नये. शिवाय केवळ व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणीचा लाभ मुख्यतः बँक कर्जापुरता आहे, म्हणून माल विकत घेऊन विकणाऱ्याने ही धमकी देऊ नये.

आयकरातल्या 43बी(एच) या नावाने ओळखल्या गेलेल्या तरतुदीचेही तसेच. अशा उद्योगाला उशिरा दिलेला खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला त्या वर्षी गिऱ्हाइकाच्या उत्पन्नातून वजा मिळतो. एप्रिलचे बिल जुलैत चुकते केले तर वर्ष तेच, म्हणजे गिऱ्हाइकाचे काहीच बिघडत नाही. जुलैच्या पत्रात तो मुद्दा पोकळ आहे. 31 मार्च जवळ आला की त्याला वजन येते. त्यापेक्षा जीएसटीचा नियम उपयोगी: बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाइकाला त्या बिलावर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. आपल्या उदाहरणात 180 दिवस 2 ऑक्टोबरला भरतात. ही तारीख "आपल्या माहितीसाठी" म्हणून पुढच्या पत्रात लिहिली तर धमकी वाटत नाही, आणि लेखापाल ती स्वतःच मालकासमोर ठेवतो.

पत्र कोणाला गेले, हेही पाहा. माझ्या पक्षकाराची पहिली दोन पत्रे मालकाच्या व्हॉट्सअपवर गेली होती. मालक भेटल्यावर "काळजी करू नका" म्हणाला, आणि अकाउंट्समध्ये कोणालाच काही माहीत नव्हते. तिसरे पत्र अकाउंट्सच्या ईमेलवर गेले, मालकाला प्रत, आणि छापील प्रत स्पीड पोस्टाने. पोस्टाची पावती फाइलला लावली.

दोन दिवसांत लेखापालाचा फोन आला: आता 40,000, बाकी महिनाअखेर. इथे बहुतेक लोक फोनवरच "चालेल" म्हणून मोकळे होतात. आम्ही त्याच दिवशी ईमेल केला: "आपल्या फोनप्रमाणे 40,000 रुपये 16 जुलैला आणि 37,000 रुपये 31 जुलैला. कृपया सहीनिशी होकार कळवावा." सही असलेल्या लेखी कबुलीने वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. ती मूळ मुदत संपण्याआधी मिळायला हवी. फोनवरच्या शब्दाने ते होत नाही.