सोसायटीच्या ग्रुपवर हळदीकुंकवाचं निमंत्रण लिहिताना

मुंबईच्या सोसायटीत एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, ख्रिस्ती, मुस्लिम घरं असतात. तिथे "हळदीकुंकू हे सौभाग्याचं लेणं, प्रत्येक स्त्रीने लावावं, यामागे विज्ञान आहे" असं लिहिलं, तर शेजारणीला उपदेश मिळतो, पण यायचं की नाही ते कळत नाही. "लावावं" आणि "विज्ञान" काढा. आपल्या घरी काय होतं तेवढं सांगा:

"संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकू करतात. आलेल्या बाईच्या कपाळाला हळद-कुंकू लावतो, तिळगूळ देतो आणि वाण म्हणून एखादी छोटी भेटवस्तू देतो. पूर्वी फक्त सवाष्णींना बोलवायचे. आम्ही सगळ्याजणींना बोलावतोय. कुंकू नको असेल तर नुसतं सांगा, तिळगूळ आणि वाण आहेच. येताना काही आणू नका."

सवाष्णींचं वाक्य गाळू नका. प्रथा माहीत असलेली, नवरा गेलेली शेजारीण त्याशिवाय दारातूनच मागे फिरते. मात्र कुंकवाची सूट कुठल्याही धर्माचं नाव घेऊन देऊ नका, ती सगळ्यांना सारखीच असू द्या.

पाठवण्याआधी हा सण नसलेल्या एका मैत्रिणीला मजकूर वाचायला द्या. तिने "मला चालेल ना?" असं विचारलं, तर "सगळ्याजणींना" हे पहिल्याच ओळीत आणा.